काम झाल्यावर ‘थोडं कमी करा’

पुण्यात एकटीने काम करणारी एक पॅकेजिंग डिझायनर आहे असं समजू. सांगलीकडच्या एका मसाला कारखान्यासाठी तिने आठ पाकिटांची डिझाइनं केली. फी ठरली ६०,००० रुपये. त्यातले २४,००० आगाऊ मिळाले. पाकिटं छापून दुकानांत गेली आणि उरलेल्या ३६,००० रुपयांचं बिल पाठवल्यावर मालकांचा फोन आला, “मॅडम, काम झकास झालंय. पण जरा अ‍ॅडजस्ट करा, वीस हजारांत मिटवून टाकू.”

मालकांना हे सोळा हजार साठ हजारांतले वाटतात, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. डिझायनरने मात्र फोटोग्राफरला १४,००० आणि नमुना छपाईला ६,००० कधीच चुकते केले आहेत. तिच्या मेहनतीचे राहतात ४०,०००. सोळा हजारांची सूट या चाळीसातून जाते, म्हणजे तिची स्वतःची कमाई चाळीस टक्क्यांनी घटते. काम सुरू होण्याआधी हीच मागणी आली असती, तर आठऐवजी पाच पाकिटं करू असं म्हणता आलं असतं. आता कमी करण्यासारखं काम उरलेलंच नाही.

फोनवर ‘बरं, बघू’ म्हणायचाही मोह आवरावा, कारण आपला करार कायदा इथे फार स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६३ नुसार येणेकरी आपलं येणं पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो आणि त्यासाठी समोरच्याने बदल्यात काही द्यावं लागत नाही. कायद्यातलं उदाहरणच असं आहे की, ५,००० रुपये येणं असताना कुणी ‘पूर्ण फेड’ म्हणून २,००० स्वीकारले, तर सगळं कर्ज फिटतं. म्हणून ‘फुल अँड फायनल’ लिहून आलेले वीस हजार तिने मुकाट्याने ठेवून घेतले आणि नंतर उरलेले मागितले, तर तिची बाजू लंगडी पडते. असे पैसे आले, तर ते बिलापोटी अंशतः जमा केल्याचं आणि बाकी किती राहिली ते त्याच दिवशी लेखी कळवावं.

मागणीमागचं कारण आधी विचारावं, तेही लेखी. मजकूर साधा ठेवावा: “आपला फोन आला. कामात काही त्रुटी राहिली असल्यास कृपया नेमकी कळवा, ठरलेल्या कामातली असेल तर मी दुरुस्त करून देईन. पैशांची अडचण असल्यास हप्ते ठरवू. ठरलेली रक्कम मात्र ३६,००० रुपये कायम आहे.” या चार ओळींनी बहुतेक गोष्टी उघड होतात. खरी तक्रार असेल, तर पाकीट क्रमांकासह उत्तर येतं, आणि चूक आपली असेल तर दुरुस्ती किंवा त्या चुकीपुरती वजावट देणं हे आपलं कर्तव्यच आहे. हात आखडलेला असेल, तर हप्त्यांचं बोलणं सुरू होतं. नुसती घासाघीस असेल, तर उत्तरात कारण नसतं, फक्त ‘जुने संबंध’ असतात. तिथे सूट देऊ नये असं माझं ठाम मत आहे. एकदा दिलेली सूट त्या ग्राहकाच्या लेखी पुढच्या कामाचा दर होऊन बसते.

तरीही पैसे लवकर मोकळे व्हावेत म्हणून थोडं सोडायचं असेल, तर ते तारखेला बांधावं. “१५ तारखेपर्यंत ३४,००० रुपये खात्यात जमा झाल्यास उरलेले २,००० मी सोडेन. तसं न झाल्यास ३६,००० पूर्ण देय राहतील.” ही अट नसेल, तर सूटही जाते आणि वाटही पाहावी लागते. बिलावर जीएसटी लावला असेल, तर सूट कबूल करण्याआधी सीएला विचारावं, क्रेडिट नोटचे नियम वेगळे आहेत.

डिझायनरची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा तिच्या मदतीला येतो. काम सुपूर्द झाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर सुपूर्दगीच्या दिवशीच काम स्वीकारलं असं धरलं जातं. करारात मुदत कितीही लिहिली, तरी पैसे त्या दिवसापासून ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने लागतं. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. ही नोंदणी विनाशुल्क आहे, पण वाद उभा राहिल्यावर केलेल्या नोंदणीवर विसंबू नये, काम हाती घेण्याआधीच ती करून ठेवावी.

आणि पुढच्या कोटेशनमध्ये एक ओळ जरूर घाला: छपाईच्या फाइल उरलेली रक्कम जमा झाल्यावरच दिल्या जातील.