लीडरचं पत्र

भिवंडीतलं कापडाचं एक मोठं गोदाम डोळ्यांसमोर आणू. गोदाम मनातलं आहे, आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. मालाचा आगीचा विमा ८० कोटींचा. एवढी जोखीम एकटीने अंगावर घ्यायला कुठली विमा कंपनी सहसा राजी नसते, म्हणून चौघींनी ती ४०, ३०, २० आणि १० टक्के अशी वाटून घेतली. ४० टक्केवाली लीडर. पॉलिसी तिने काढली, आग लागल्यावर सर्व्हेअर तिने नेमला, मालकाचे फोनही तिच्याकडेच येतात. बाकीच्या तिघी को-इन्शुरर, म्हणजे धंद्याच्या भाषेत फॉलोअर. जळालेलं गोदाम त्यांच्यातल्या कुणी पाहिलेलंही नसतं.

सर्व्हेअरचा अंतिम रिपोर्ट आला की लीडर या तिघींना पत्र लिहिते : दावा इतक्याला मिटवावा असं आमचं मत आहे, आपली संमती कळवावी. पत्र दोन-तीन पानांचं, पण त्यासोबत येणारा कागदांचा गठ्ठा जाड असतो.

पत्राचा जीव हिशेबात आहे. मालक म्हणतो ३० कोटींचा माल गेला, आणि सर्व्हेअरलाही तो आकडा पटला. अर्धवट जळालेले, भिजलेले तागे विकून २ कोटी येतील. ते साल्व्हेज वजा केलं की उरले २८. इथपर्यंत भांडण नाही. भांडण पुढच्या ओळीत आहे. आगीच्या दिवशी गोदामात एकूण माल किती होता? स्टॉक रजिस्टर, जीएसटीचे कागद आणि बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट जुळवून सर्व्हेअर म्हणतो, १०० कोटींचा. (कर्ज जास्त मिळावं म्हणून बँकेला माल फुगवून सांगणारा व्यापारी प्रीमियम वाचवायला विमा मात्र कमीचा काढतो. आग लागली की दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात.) शंभराच्या मालाला ८० चा विमा असेल तर उरलेल्या २० टक्क्यांची जोखीम मालकाची स्वतःची धरली जाते. म्हणून २८ चे ८० टक्के, म्हणजे २२.४० कोटी. त्यातून पॉलिसीत लिहिलेली ५ टक्के वजावट, १.१२ कोटी. राहिले २१.२८ कोटी. लीडरचा वाटा ८.५१ कोटी आणि १० टक्केवालीचा २.१३ कोटी.

चौघींची जबाबदारी वेगवेगळी असते. एकीने हात आखडला तर तिचा वाटा दुसरीच्या गळ्यात पडत नाही. कुठे लीडर पूर्ण रक्कम देऊन मग वसूल करते, कुठे प्रत्येक जण आपापला वाटा थेट देते. ते आपसातल्या करारावर अवलंबून. फॉलोअरला आणखी एक घोर असतो. तिने आपल्या वाट्याचा काही भाग पुढे रिइन्शुररकडे उतरवलेला असतो, आणि तो विचारणार, कुठल्या कलमाखाली दिलेत? म्हणून नुसता आकडा तिला पुरत नाही. आगीचं कारण, पॉलिसीच्या अटी पाळल्या होत्या का, साल्व्हेजला बोली किती आल्या, हे सगळं तिला कागदावर हवं असतं. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास संमती समजू’ ही ओळ पत्रात हमखास असते, पण तसं मानायचं आधी करारात ठरलेलं नसेल तर त्या ओळीवर फार विसंबू नये.

लीडरने ठरवलं की इतरांनी मुकाट मागे यायचं, असं कलमही असतं. २०१० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘सेंट एफ्रेम’ नावाचं जहाज रुतलं. एका विमा कंपनीने दाव्यांत लंडनच्या दोन सिंडिकेटांच्या मागे जाण्याचं मान्य केलं होतं. सिंडिकेटांनी तडजोड केली, तेव्हा करारात लिहिलं की ही आमच्यापुरतीच, इतर कुणावर बंधनकारक नाही. त्यावर बोट ठेवून ती कंपनी अडून बसली. लंडनच्या कोर्टाने २०१४ मध्ये तिच्याविरुद्ध निकाल दिला : मागे जायचं तुम्हीच कबूल केलं होतं. पण तिच्या कलमात एक अपवाद होता, एक्स-ग्रेशिया रकमा वगळून. म्हणजे पॉलिसीप्रमाणे देणं नसताना मर्जीने दिलेले पैसे.

हाच शब्द भिवंडीत आडवा येतो. मालक मोठं गिऱ्हाईक, त्याचे बाकीचे विमेही लीडरकडे. तो म्हणतो, वादावादी नको, सरळ २२ कोटी द्या. लीडरला ते सोयीचं वाटतं आणि पत्रात ती लिहिते, ‘व्यावसायिक संबंध लक्षात घेता २२ कोटींना मिटवावे.’ जाणकार फॉलोअरची नजर नेमकी या वाक्यावर थांबते. हिशेब २१.२८ चा, मग वरचे ७२ लाख कशाचे? कोर्टात गेलो तर गोदामातला माल ९५ कोटींचाच ठरू शकेल, असं लीडरने कारणासकट लिहिलं असतं, तर ती खरी तडजोड झाली असती, कारण त्या हिशेबाने देणंच २२.४० कोटी होतं. संबंधांसाठी दिलेले पैसे मात्र संबंध ज्याचे त्याने द्यावेत.

१० टक्केवालीचं उत्तर चार ओळींचं येतं. २१.२८ कोटींना आमच्या वाट्यापुरती संमती. साल्व्हेजच्या बोलींची प्रत पाठवावी. वरच्या ७२ लाखांपैकी आमच्या नावे निघणारे ७ लाख २० हजार आमच्या खात्यात धरू नयेत.