सोळा घरे आणि त्यांच्या कडेची अक्षरे

ब्रनोच्या मठातला ग्रेगोर मेंडेल याने 1866 साली छापलेल्या निबंधात वाटाण्याच्या दाण्यांची एक मोजदाद दिली आहे. गोल-पिवळे दाणे देणाऱ्या शुद्ध वाणाचा संकर त्याने सुरकुतलेले-हिरवे दाणे देणाऱ्या शुद्ध वाणाशी केला. संकरातून आलेले झाडून सगळे दाणे गोल आणि पिवळे होते. ते पेरून उगवलेल्या 15 झाडांवर स्वपरागणाने 556 दाणे धरले, आणि आता मात्र चार प्रकार दिसले. गोल-पिवळे 315, गोल-हिरवे 108, सुरकुतलेले-पिवळे 101 आणि सुरकुतलेले-हिरवे 32. 556चे सोळा समान भाग केले, तर एक भाग जवळपास 35 दाण्यांचा होतो. तसे नऊ भाग म्हणजे 313, तीन भाग म्हणजे 104. मेंडेलचे आकडे याला खेटूनच आहेत. शाळेत पाठ केलेले 9:3:3:1 ते हेच.

ज्या चौकोनातून हे गुणोत्तर आपण काढतो तो मात्र मेंडेलचा नव्हे. केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट याने तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केला. चौकोन भरणे हे तसे कारकुनी काम आहे. खरी परीक्षा होते ती भरण्याआधी, कडेला युग्मके लिहिताना. उत्तर चुकते ते बहुतेक वेळा तिथेच.

गोल आकाराच्या जनुकाला R म्हणू, सुरकुतलेल्याला r. पिवळ्या रंगाला Y, हिरव्याला y. मोठे अक्षर प्रभावी, म्हणजे जोडीत ते एक असले तरी त्याचाच गुण दिसतो. शुद्ध गोल-पिवळे झाड RRYY, शुद्ध सुरकुतलेले-हिरवे rryy. पहिल्याच्या प्रत्येक युग्मकात RY जाते, दुसऱ्याच्या ry. म्हणून पहिल्या पिढीचा प्रत्येक दाणा RrYy.

आता या RrYy झाडाची युग्मके कोणती? पुष्कळ जण R, r, Y, y अशी चार अक्षरे सुटी लिहून मोकळे होतात. काही जण Rr आणि Yy अशी दोन युग्मके करतात. दोन्ही चूक, आणि दोन्हींचे कारण एकच: युग्मक तयार होताना प्रत्येक जोडी फुटते आणि तिच्यातला एकच भिडू पुढे जातो, पण जोडी कुठलीही वगळली जात नाही. R एवढेच लिहिले, तर त्या परागकणात रंगाचे जनुकच नाही असा अर्थ होतो. Rr लिहिले, तर आकाराची जनुके दोन आणि रंगाचे एकही नाही. बरोबर युग्मकात आकाराचे एक आणि रंगाचे एक अक्षर हवे. R घेतला की सोबत Y किंवा y. r घेतला की पुन्हा Y किंवा y. झाली चार युग्मके: RY, Ry, rY, ry. आकाराची जोडी फुटताना रंगाच्या जोडीकडे पाहत नाही, असा निष्कर्ष मेंडेलने आपल्या प्रयोगांतून काढला होता. म्हणून ही चारही सारख्याच प्रमाणात तयार होतात. हे ‘सारख्याच प्रमाणात’ लक्षात असू द्या, पुढे त्याच्याशी गाठ आहे.

स्वपरागण असल्याने नर आणि मादी दोन्ही बाजूंना हीच चार. ती एकाच क्रमाने वर आणि डावीकडे मांडायची. घर भरताना एकाच गुणाची अक्षरे शेजारी ठेवायची आणि मोठे अक्षर आधी लिहायचे. RY आणि ry जुळले की RrYy. ते RYry असे लिहून ठेवले, तर मोजताना डोळा फसतो.

```
      RY    Ry    rY    ry
RY   RRYY  RRYy  RrYY  RrYy
Ry   RRYy  RRyy  RrYy  Rryy
rY   RrYY  RrYy  rrYY  rrYy
ry   RrYy  Rryy  rrYy  rryy
```

चौकोन बरोबर भरला का, हे मोजणीआधीच तपासता येते. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे तिरके जा. चारही घरे शुद्ध जोड्यांची, चार वेगवेगळ्या रूपांची. उलट्या कर्णावर चारही घरांत RrYy. यातले एकही घर वेगळे आले, तर कडेच्या अक्षरांकडे परत जावे.

मग वाचन. इथे बाहेरून दिसणारे रूप, म्हणजे पाठ्यपुस्तकातली स्वरूपविधा, हवी आहे. प्रत्येक घराला दोनच प्रश्न विचारायचे: एक तरी R आहे का, एक तरी Y आहे का? दोन्हींना हो म्हणणारी घरे नऊ, ती गोल-पिवळी. R आहे पण Y नाही अशी तीन, Y आहे पण R नाही अशी तीन, आणि दोन्ही नाहीत असे एकच, rryy. सोळा घरे म्हणजे सोळा दाणे नव्हेत, त्या शक्यता आहेत. म्हणून 556 दाण्यांतसुद्धा आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि एका शेंगेतल्या सहा-सात दाण्यांत 9:3:3:1 शोधण्यात तर काहीच अर्थ नाही.

त्या नऊ घरांत मात्र आणखी एक गोष्ट दडली आहे. दिसायला नऊही सारखी, पण आत RRYY एक, RRYy दोन, RrYY दोन आणि RrYy चार. मेंडेलने पुढच्या वर्षी ते गोल-पिवळे दाणे पेरले. 301 झाडांना दाणे धरले. त्यांतल्या 38 झाडांवर सगळे गोल-पिवळे. 65 झाडांवर गोलच, पण पिवळे आणि हिरवे. 60 झाडांवर पिवळेच, पण गोल आणि सुरकुतलेले. 138 झाडांवर चारही प्रकार. 1:2:2:4 या हिशेबाने 33, 67, 67 आणि 134 यायला हवी होती. चौकोन शोधला जाण्याच्या कितीतरी आधी त्याची घरे अशी शेतात तपासून झाली होती. मला 9:3:3:1 पेक्षा ही मोजणी जास्त पटणारी वाटते.

आता गुणोत्तराच्या पाठांतराचा तोटा पाहा. प्रश्न RrYy आणि Rryy यांच्या संकराचा असेल, तर सवयीने सोळा घरे आखली जातात. पण Rryy च्या रंगाच्या जोडीत दोन्ही y च आहेत, म्हणून त्याची युग्मके दोनच: Ry आणि ry. चार गुणिले दोन, आठ घरे पुरतात. भरून मोजा: गोल-पिवळे तीन, गोल-हिरवे तीन, सुरकुतलेले-पिवळे एक, सुरकुतलेले-हिरवे एक. गुणोत्तर 3:3:1:1. 9:3:3:1 येते ते दोन्ही पालक दोन्ही गुणांत मिश्र असले, आणि प्रत्येक गुणात एक रूप पूर्ण प्रभावी असले, तरच.

आणि ‘सारख्याच प्रमाणात’ हीसुद्धा एक अटच आहे. ती मोडते हे पनेटच्याच हाती आले. विल्यम बेटसन, एडिथ साँडर्स आणि तो असे तिघे स्वीट पी या फुलझाडावर काम करत होते. जांभळे फूल आणि लांब परागकण ही प्रभावी रूपे. लाल फूल आणि गोल परागकण ही अप्रभावी. दुसऱ्या पिढीतल्या 381 झाडांत जांभळी-लांब 284, जांभळी-गोल 21, लाल-लांब 21 आणि लाल-गोल 55 निघाली. 9:3:3:1 प्रमाणे मधल्या दोन गटांत 71-71 झाडे हवी होती आणि शेवटच्यात 24. म्हणजे मूळ पालकांतल्या जोड्या एकत्र राहत होत्या, नव्या जोड्या क्वचितच बनत होत्या. याचा उलगडा पुढे थॉमस हंट मॉर्गन याने फळमाश्यांवरच्या कामातून केला: ही दोन जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली असतात आणि बहुधा सोबतच युग्मकात उतरतात. अशा वेळी कडेला चार युग्मके लिहायची खरी, पण ती सारख्या वजनाची नसतात, आणि नुसती घरे मोजून गुणोत्तर निघत नाही.