वेग तोच, नाडी वेगळी

समजा, एक गृहस्थ रोज सकाळी ट्रेडमिलवर ताशी ६ किलोमीटर वेगाने चालतात. उपाशीपोटी दहाव्या मिनिटाला त्यांची नाडी ११६ असते. एके दिवशी मिसळपाव खाऊन अर्ध्या तासात ते त्याच वेगाने चालतात आणि नाडी १२४ दाखवते.

पायांचे काम तेवढेच असते, हृदयाचे मात्र वाढलेले असते. जेवणानंतर जठर आणि आतड्यांकडे जादा रक्त जाते आणि चालणाऱ्या स्नायूंनाही ते हवेच असते. दोन्हीकडे पुरवठा करायला हृदय दर मिनिटाला अधिक रक्त ढकलते, म्हणून ठोके वाढतात. जेवण जड असेल तर हा परिणाम दोन-तीन तासही टिकू शकतो. एखाद्या केळ्याने फारसा फरक पडत नाही.

ब्रिटिश वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७७२ मध्ये छातीतल्या वेदनेचे वर्णन करताना ती चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना येते, असे नोंदवले होते. अशी वेदना झाल्यास थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

फरक स्वतः तपासायचा तर वेग, वेळ आणि खोलीचे तापमान सारखे ठेवून पाचव्या ते दहाव्या मिनिटांतली नाडी पाहावी. चहा-कॉफी, अपुरी झोप किंवा पाण्याची कमतरता यांनीही आकडा बदलतो, त्यामुळे एका दिवसाऐवजी काही दिवसांच्या नोंदींची तुलना करावी. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधाने दबलेली असते. त्यांनी आकड्यापेक्षा धाप किती लागते, हे पाहावे.