दर तोच, व्याज किती वेगळे?

एक लाख रुपये, वार्षिक दर 12 टक्के. व्याज महिन्याला मुद्दलात मिळवले तर दरमहा 1 टक्का वाढ होते आणि 1.01 चा बारावा घात घेऊन वर्षअखेरीस 1,12,682 रुपये होतात. व्याज क्षणोक्षणी मिळवत गेले तर सूत्र A = Pe^(rt); इथे e^0.12, म्हणजे 1,12,749 रुपये. फरक जेमतेम 67 रुपयांचा! कारण चक्रवाढीचा मोठा लाभ मासिक हिशेबातच पदरात पडलेला असतो. सरळव्याजाने 1,12,000 च झाले असते. दहा वर्षांत मात्र मासिक आणि क्षणोक्षणीच्या चक्रवाढीतला फरक 1,973 रुपयांवर जातो. सूत्रात 12.68 हा परिणामी दर घालू नये, जाहीर दरच घालावा. नाहीतर चक्रवाढ दोनदा मोजली जाते.