गुणवाढ आणि सीजीपीए

गुणवाढ आणि सीजीपीए यांच्यातील संबंध प्रत्येक विषयात सारखा नसतो. एखाद्या विषयात मिळालेल्या एका जादा गुणामुळे सीजीपीए, म्हणजे संचयी श्रेणीबिंदू सरासरी, किती वाढेल हे तीन गोष्टींवर ठरते: विषयाचे श्रेयांक, परीक्षेचे कमाल गुण आणि पुढच्या श्रेणीपर्यंतचे अंतर.

== गणनेची पद्धत ==

विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेल्या दहा बिंदूंच्या श्रेणीपद्धतीत सर्वोच्च श्रेणीला १० श्रेणीबिंदू असतात. त्याखालील श्रेणींना अनुक्रमे ९, ८, ७, ६, ५ व ४, आणि अनुत्तीर्णास ० श्रेणीबिंदू असतात. प्रत्येक विषयाच्या श्रेयांकांना त्यातील श्रेणीबिंदूंनी गुणून येणाऱ्या गुणाकारांची बेरीज करतात आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागतात. एका सत्रापुरती ही सरासरी एसजीपीए, तर सर्व सत्रांची मिळून सीजीपीए होय.

भाजक सर्व विषयांना समान असल्यामुळे विषयांच्या तुलनेत तो विचारात घ्यावा लागत नाही. फक्त अंश किती वाढतो एवढेच पाहावे लागते.

== दोन प्रकारच्या पद्धती ==

काही ठिकाणी टक्केवारीला दहाने भागून श्रेणीबिंदू काढतात. अशा सलग पद्धतीत प्रत्येक गुणाला किंमत असते. चार श्रेयांकांच्या, १०० गुणांच्या विषयात एका गुणाने श्रेणीबिंदू ०.१ ने वाढतो आणि अंशात ०.४ ची भर पडते. दोन श्रेयांकांच्या, ५० गुणांच्या विषयात एक गुण म्हणजे दोन टक्के. तेथे श्रेणीबिंदू ०.२ ने वाढतो आणि भर पुन्हा ०.४ चीच पडते. म्हणून कमाल गुण श्रेयांकांच्या प्रमाणात असतील, तर अधिक श्रेयांकांचा विषय आपोआप अधिक लाभदायक ठरत नाही. मात्र दोन श्रेयांकांचा विषयही १०० गुणांचा असेल, तर त्यातील एका गुणाची किंमत निम्मी, म्हणजे ०.२ होते.

टप्प्यांच्या पद्धतीत गुणांचे गट ठरलेले असतात. ७० ते ७९ गुणांना ८ आणि ८० ते ८९ गुणांना ९ श्रेणीबिंदू असतील, तर ७२ वरून ७९ वर जाऊनही सीजीपीए तसूभर बदलत नाही. ऐंशीवा गुण मिळताच संपूर्ण वाढ एकदम होते. अशा पद्धतीत प्रतिगुण लाभ पुढीलप्रमाणे काढतात:

प्रतिगुण लाभ = (श्रेयांक × श्रेणीबिंदूंतील वाढ) ÷ पुढच्या श्रेणीसाठी लागणारे गुण

== उदाहरण ==

एका सत्रात २० श्रेयांक आहेत. त्यांपैकी पुढील तीन विषयांत सुधारणा शक्य आहे. तिन्ही विषय १०० गुणांचे आहेत आणि दर दहा गुणांना श्रेणी बदलते.

| विषय | श्रेयांक | गुण | लागणारे गुण | अंशातील वाढ | प्रतिगुण लाभ |
|---|---|---|---|---|---|
| गणित | ४ | ७२ | ८ | ४ | ०.५ |
| अर्थशास्त्र | ३ | ६७ | ३ | ३ | १ |
| प्रात्यक्षिक | २ | ७९ | १ | २ | २ |

सर्वांत कमी श्रेयांकांचे प्रात्यक्षिक येथे प्रतिगुण लाभात पहिले, तर सर्वाधिक श्रेयांकांचे गणित शेवटचे येते. तरीही केवळ या क्रमाने निवड केल्यास चूक होऊ शकते. समजा, सर्व विषयांत मिळून दहा गुणच वाढवता येणार आहेत. क्रमाने प्रात्यक्षिक व अर्थशास्त्र निवडल्यास चार गुण खर्च होतात व अंश ५ ने वाढतो. उरलेले सहा गुण गणिताला पुरत नाहीत. याउलट प्रात्यक्षिक व गणित निवडल्यास नऊ गुणांत अंश ६ ने वाढतो. पहिल्या निवडीत एसजीपीए ०.२५ ने, तर दुसरीत ०.३० ने वाढते. म्हणून प्रतिगुण लाभ काढल्यानंतर उपलब्ध गुणांत बसणाऱ्या जोड्याही तपासाव्या लागतात.

हीच वाढ १२० श्रेयांकांच्या सीजीपीएत अनुक्रमे सुमारे ०.०४ आणि ०.०५ इतकीच उरते. श्रेयांक साठत जातात तसा प्रत्येक विषयाचा परिणाम लहान होतो. विषयांचा क्रम मात्र तोच राहतो.

== अपवाद आणि मर्यादा ==

उत्तीर्णतेची सीमा हा सर्वांत मोठा टप्पा होय. चार श्रेयांकांच्या विषयात ३७ गुण असून उत्तीर्णतेसाठी ४० लागत असतील, तर तीन गुणांनी श्रेणीबिंदू ० वरून ४ होतो. अंशात १६ ची भर पडते आणि विषयाचे श्रेयांकही पदरी पडतात. त्यामुळे असा विषय इतर सर्वांच्या आधी येतो.

सापेक्ष श्रेणीपद्धतीत सीमा वर्गाच्या कामगिरीवरून निकालाच्या वेळी ठरतात; तेथे लागणारे गुण आधी निश्चितपणे सांगता येत नाहीत. अंतर्गत मूल्यमापन पूर्ण झाले असेल, तर उरलेल्या परीक्षेतून ते गुण मिळणे शक्य आहे का, हेही पाहावे लागते. नेमक्या सीमेवर थांबण्याचा अंदाज एका गुणाने चुकला, तर सगळी वाढ हातची जाते. त्यामुळे दोन-तीन गुण अधिक धरून हिशेब करणे सुरक्षित ठरते. शिवाय या सूत्रात सर्व गुण सारखे धरले आहेत. प्रत्यक्षात गणितातील आठ गुणांना आणि प्रात्यक्षिकातील एका गुणाला किती तास लागतील, हे विद्यार्थ्यागणिक बदलते. तो अंदाज हाती असल्यास सूत्रात गुणांऐवजी तास घेऊन तुलना करता येते.