दहा रुपयांची लडी आणि पाच ताकदी

देवळ्यातल्या कुठल्याही किराणा दुकानासमोर उभं राहून वर पाहिलं की पाकिटांच्या लड्या लोंबताना दिसतात: शेव, वेफर्स, मुगडाळ, कुरकुरे. पाच आणि दहा रुपयांच्या या लड्या पाहून बचत गटातल्या बाया, कांद्याच्या भावाला कंटाळलेली तरुण पोरं आणि नोकरी सोडून गावी परतलेले काही जण एकच गोष्ट म्हणतात: "आपणही फरसाण पॅक करून विकायला काय हरकत आहे?" हरकत काहीच नाही. पण धंद्यात उतरायचं की नाही हे ठरवताना ज्या समजुती पुढे केल्या जातात, त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात.

त्या तपासायला एक जुनं साधन कामी येतं. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख लिहिला आणि धंद्यातल्या नफ्यावर ताण आणणाऱ्या पाच ताकदी मांडल्या. आत आधीपासून असलेल्यांची आपसातली चुरस, नव्याने घुसणाऱ्यांचा धोका, माल पुरवणाऱ्यांची पकड, गिऱ्हाइकाची पकड आणि तीच गरज भागवणाऱ्या वेगळ्या वस्तू. या पाचही ताकदी एकाच गोष्टीवर डोळा ठेवून असतात: पाकिटाच्या किमतीतला कोणता हिस्सा तुमच्या हातात उरतो.

गैरसमज : बाजार वाढतोय, म्हणजे धंदा चांगला आहे.

सर्वात जास्त पैसा याच समजुतीने बुडतो. पॅकबंद खाऊ वाढतोय, यात वाद नाही. पण 'वाढ' पाच ताकदींत बसत नाही, आणि २००८ मध्ये आपल्या लेखाची नवी मांडणी करताना पोर्टर यांनी हे मुद्दाम स्पष्ट केलं. आपल्याकडची विमान कंपन्यांची गोष्ट आठवा. प्रवासी वाढत होते, विमानतळ वाढत होते, आणि त्याच काळात किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आल्या. वाढीचा फायदा कोणाच्या खिशात जातो, हे त्या पाच ताकदी ठरवतात.

गैरसमज : थोड्या भांडवलात सुरू करता येतं, ही आपली जमेची बाजू.

बेसन मळायचं यंत्र, शेव पाडायचं यंत्र, कढई किंवा फ्रायर, पाऊच भरून बंद करणारं मशीन, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, एवढ्यावर शेव पाकिटात जाते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये आणलेल्या योजनेत तर प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं होतं. पण दार तुमच्यासाठी उघडं असेल तर ते कळवण, सटाणा, मालेगावच्या प्रत्येकासाठीही उघडंच आहे. कसमादेतल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावायला नको. एका वर्षी कांद्याला भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळ्यांचीच रोपं शेतात जातात आणि उमराण्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागते. आत जाणं सोपं असलेल्या धंद्यात नफा टिकत नाही, कारण तो दिसला की माणसं येतात.

खरा अडसर यंत्राचा नसून दुकानातल्या खुंटीचा आहे. चंदुभाई विराणी १९७४ मध्ये राजकोटच्या एका चित्रपटगृहाच्या कँटीनमध्ये कामाला लागले आणि १९८२ मध्ये घरीच वेफर्स तळू लागले. आज 'बालाजी'चा एक कारखाना वलसाडला, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, आहे. त्यांची गाडी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दुकानावर येते. ही शिस्त उभी करायला वर्षं लागतात, अनुदानात ती मिळत नाही.

गैरसमज : आपलं गिऱ्हाईक म्हणजे पाकीट फोडून खाणारं पोरगं.

गिऱ्हाइकाची पकड मोजताना नेमकी इथे चूक होते. पोरगं दहाची नोट पुढे करतं आणि दुकानदार हाताला येईल ती पुडी तोडून देतो. कोणती लडी पुढे टांगायची हे तोच ठरवतो, म्हणून तुमचं पहिलं गिऱ्हाईक तो. त्याच्याकडे डझनभर पर्याय आहेत. तुमच्याकडे मात्र देवळ्यातली मोजकीच दुकानं आहेत. नव्या नावाला तो जास्त मार्जिन मागणार, बारा पाकिटांवर एक फुकटची स्कीम मागणार, पैसे पुढच्या फेरीला देणार आणि सादळलेला माल परत करणार.

याचा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल धरलेत, तुम्ही आपल्या भागातले घाला. शेवेचं ४५ ग्रॅमचं पाकीट, छापील किंमत १० रुपये. दुकानदार ते ८ रुपयांना घेतो आणि एजन्सीवाला तुमच्याकडून ७ रुपये ३० पैशांना. त्यातला ५ टक्के जीएसटी काढला (सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद फरसाणावरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला) की तुमच्या हातात ६ रुपये ९५ पैसे येतात.

आता खर्च. किलोभर शेवेला साधारण ७०० ग्रॅम बेसन आणि तळताना शोषलं जाणारं ३३० ग्रॅम तेल धरा. बेसनातलं पाणी तळताना उडतं, म्हणून बेरीज किलोच्या वर जाते. बेसन ९० रुपये आणि तेल १४० रुपये किलो असेल, मीठ-मसाल्याचे १० रुपये धरले, तर किलोचा खर्च ११९ रुपये, म्हणजे पाकिटामागे ५ रुपये ३६ पैसे. पाऊचचे ६० पैसे. गॅस, वीज, मजुरी, वाहतूक मिळून ७० पैसे. एकूण ६ रुपये ६६ पैसे. उरले २९ पैसे. आता शंभरातली चार पाकिटं परत आली असं समजा. त्यांचे पैसे वळते केले की दर पाकिटामागे २८ पैसे जातात. हातात राहतो एक पैसा.

एजन्सी आणि दुकानदार मिळून दहातले २ रुपये ७० पैसे घेतात, ही या धंद्यातली सर्वात मोठी पकड आहे. किंमतही तुमच्या हातात नाही. दहाची पुडी अकराला विकता येत नाही, कारण सुटे पैसे काढायला कोणी तयार नसतं. म्हणून खर्च वाढला की मोठ्या कंपन्या किंमत तशीच ठेवून ग्रॅम कमी करतात. नवख्याने ४५ चे ३८ ग्रॅम केले की पाकीट हातात हलकं लागतं, आणि शेजारच्या लडीवरचं नाव ओळखीचं असतं.

गैरसमज : पोहे-बेसन इथेच मिळतं, मग पुरवठादाराची काय भीती?

बेसनाच्या गिरण्या अनेक आहेत, तिथे खरंच कोणाची पकड नाही. पण तेलाचं तसं नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ रोजी पामतेलाची निर्यात थांबवली, ती २३ मे रोजी पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं आणि मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर आणलं. वरच्या पाकिटात १५ ग्रॅम तेल आहे. तेल किलोला २० रुपयांनी चढलं तर पाकिटामागे ३० पैसे जातात, म्हणजे परतावा वजा करण्याआधी जे २९ पैसे दिसत होते, ते सगळे. मोठी कंपनी टँकरने आणि महिन्यांच्या बोलीवर घेते, तुम्ही पंधरा किलोचा डबा आजच्या भावाने घेता.

मग माणूस तेच तेल पुन्हा पुन्हा तापवतो. इथे मात्र कायदा आड येतो: तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. आणि जीभही आड येते. अशा तेलातली शेव महिन्याभरात खवट वास मारू लागते, परतीचा आकडा चारवरून आठवर जातो. दुकानदार दुसऱ्यांदा लडी घेत नाही.

गैरसमज : आपली स्पर्धा फक्त हल्दीराम-बालाजीशी.

त्यांच्याशी आहेच. पण चारच्या भुकेला देवळ्यातल्या माणसापुढे पाकीट हा एकच पर्याय नसतो. वडापाव आहे, भेळ आहे, मिसळ आहे, फरसाणाच्या दुकानात समोर तळलेली, तराजूत मोजून मिळणारी सुटी शेव आहे आणि दिवाळीत घरोघरी होणारा चिवडा आहे. नाशिकला गेलेला माणूस कोंडाजीचा चिवडा आणतो, तो वेगळाच. पाकिटातल्या शेवेला सुटी शेव मागे ओढते, कारण ती ताजी आणि ग्रॅमामागे स्वस्त असते.

तर मग नवख्याने हा नाद सोडावा का? पाच ताकदी 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देत नाहीत. ताण कुठे कमी आहे ते त्या दाखवतात. दहाच्या लडीवर पाचही ताकदी एकदम तुटून पडतात. तेच बेसन, तेच तेल घेऊन शेवभाजीची जाड शेव पाहा. कसमादे आणि खानदेशात शेवभाजी नसलेला ढाबा शोधावा लागेल. त्या शेवेत सोडा कमी लागतो, ती घट्ट असते, कारण उकळत्या रश्श्यात तिने विरघळता कामा नये. ती किलो-पाच किलोच्या साध्या पिशवीत जाते, म्हणजे पाऊचचा खर्च घटतो. दहा रुपयांची खुंटी नाही, तेल चढलं तर भाव बोलता येतो. मध्ये एजन्सी नाही. माल आठवड्यात संपतो, त्यामुळे खवट होण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. ढाब्याच्या आचाऱ्याला एकदा खात्री पटली की शेव बदलून रश्श्याचा धोका तो सहसा पत्करत नाही. गिऱ्हाइकाची पकड इथेच सैल होते.

मर्यादा यालाही आहेत. ढाबे मोजके, उधारी लांब, आणि गावातला जुना फरसाणवाला हेच काम आधीपासून करत असतो. मोठा ब्रँड यातून उभा राहायचा नाही. पण पैसा अडकण्याआधी खरी मागणी कळते.

माझं मत सरळ आहे. देवळ्यातून सुरुवात करणाऱ्याला दहा रुपयांच्या लडीचा बाजार आज आकर्षक नाही. ढाब्याच्या शेवेचा आहे. पाऊचचं मशीन घेण्याआधी वीस किलो जाड शेव घरच्या कढईत तळा आणि ती घेऊन देवळा ते सटाणा रस्त्यावरच्या पाच ढाब्यांवर जा. पुढच्या आठवड्यात त्यातले किती जण पुन्हा मागवतात आणि किती जण रोख देतात, हे वहीत लिहून ठेवा. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरा.