चोवीस हप्ते भरले, मग बाकी किती? कर्जाची शिल्लक काढण्याचे एक ओळीचे सूत्र

खानापूर : कर्ज मुदतीआधी फेडायचे असो, की दुसऱ्या बँकेत वळवायचे असो, पहिला प्रश्न एकच असतो : आज मुद्दल किती बाकी आहे? बहुतेक जण याचे उत्तर अंदाजाने काढतात. साठ हप्त्यांपैकी चोवीस फिटले, म्हणजे चाळीस टक्के कर्ज संपले, असा हा हिशेब. पाच लाखांच्या कर्जात तो पस्तीस हजारांनी चुकतो. साठ ओळींचा तक्ता न मांडताही खरा आकडा एका सूत्रात मिळतो आणि त्यासाठी मोबाईलमधला कॅलक्युलेटर पुरतो.

समजा, नंदगडच्या एका शेतकऱ्याने ५,००,००० रुपये कर्ज घेतले. व्याजदर वर्षाला १२ टक्के, घटत्या शिलकीवर, आणि मुदत ५ वर्षे, म्हणजे ६० हप्ते. महिन्याचा दर १ टक्का झाला. अशा कर्जाचा हप्ता ११,१२२ रुपये बसतो.

पहिल्या महिन्यात काय होते ते पाहू. पाच लाखांवर एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये व्याज चढते. हप्त्यातले तेवढे व्याजात जातात आणि उरलेले ६,१२२ मुद्दलातून वजा होतात. बाकी राहते ४,९३,८७८. दुसऱ्या महिन्यात या बाकीवर व्याज थोडे कमी लागते, म्हणून मुद्दलात थोडे जास्त जाते. सुरुवातीचे हप्ते बरेचसे व्याजातच मुरतात. भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कर्ज का उतरत नाही, त्याचे कारण हेच.

आता हाच हिशेब वेगळ्या नजरेने बघायचा. एकही हप्ता भरला नसता तर २४ महिन्यांत कर्ज दर महिन्याला १.०१ पट होत वाढले असते. दुसरीकडे भरलेला प्रत्येक हप्ता कर्जदाराच्या बाजूने त्याच दराने वाढतो, कारण तो भरल्यामुळे तेवढ्या रकमेवरचे पुढचे व्याज वाचते. पहिल्या हप्त्याने २३ महिन्यांचे व्याज वाचवले, दुसऱ्याने २२ महिन्यांचे आणि आज भरलेल्या हप्त्याने काहीच नाही. वाढलेल्या कर्जातून वाढलेले हप्ते वजा केले की उरते ती आजची बाकी.

वाढलेल्या हप्त्यांची बेरीज सुटी सुटी करावी लागत नाही. १ + १.०१ + १.०१ चा वर्ग, अशी २४ पदांची ही साखळी आहे. तिला १.०१ ने गुणून त्यातून मूळ साखळी वजा केली की मधली सगळी पदे कटतात आणि फक्त दोन टोके उरतात. म्हणून सूत्र असे होते :

```
B = P*(1+r)^n - E*((1+r)^n - 1)/r
```

इथे P म्हणजे मूळ कर्ज, r म्हणजे महिन्याचा दर, n म्हणजे भरलेले हप्ते, E म्हणजे हप्ता आणि B म्हणजे बाकी. दर भरताना चूक होते ती इथेच : बारा टक्क्यांसाठी 0.12 नव्हे, त्याला बाराने भागून 0.01 घ्यायचे.

नंदगडच्या कर्जाला हे लावू. मोबाईल आडवा धरला की बऱ्याच कॅलक्युलेटरमध्ये घाताचे बटण दिसते. १.०१ चा २४ वा घात १.२६९७३५ येतो.

```
500000 * 1.269735 = 634867
11122 * 26.9735   = 299999
634867 - 299999   = 334868
```

बाकी ३,३४,८६८ रुपये. चोवीस हप्त्यांत २,६६,९२८ रुपये भरले, पण मुद्दल फिटले फक्त १,६५,१३२. उरलेले एक लाखाहून जास्त व्याजात गेले. अंदाजाने तीन लाख धरून दुसरीकडे कर्ज मंजूर करून घेतले, तर ऐनवेळी पस्तीस हजारांची सोय करायची पाळी येईल.

घाताचे दशांश मात्र कापू नयेत. १.२६९७३५ ऐवजी सरळ १.२७ धरले तर उत्तर १६२ रुपयांनी कमी येते. सहा दशांश ठेवले की फरक रुपयाच्या आत राहतो. एक्सेल किंवा गुगल शीट वापरणाऱ्यांना हेच गणित एका ओळीत मिळते :

```
=FV(1%,24,11122,-500000)
```

काही जण उलट बाजूने मोजतात, म्हणजे उरलेल्या ३६ हप्त्यांची आजची किंमत काढतात. हप्ता पैशापर्यंत अचूक असेल तर दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात. पण हप्ता रुपयात धरलेला असतो. ११,१२२ धरून उलटी रीत वापरली तर बाकी सुमारे १३ रुपयांनी कमी दिसते, कारण शेवटचा हप्ता इतरांपेक्षा थोडा मोठा असतो हे त्या रीतीला कळत नाही. म्हणून आत्तापर्यंत खरोखर भरलेल्या हप्त्यांवरून मोजणारे वरचे सूत्रच धरावे.

हे सूत्र कुठे चालत नाही तेही पक्के हवे. मध्ये व्याजदर बदलला, हप्ता चुकला किंवा एकरकमी जादा रक्कम भरली, तर सगळी मुदत एका दमात मोजता येत नाही. बदलाच्या दिवसापर्यंतची बाकी आधी काढायची, जादा रक्कम वजा करायची आणि तिथून नवे कर्ज धरून नव्या दराने, नव्या हप्त्याने पुढे मोजायचे.

फ्लॅट दराच्या कर्जाला तर ते लागूच नाही. तिथे पाच वर्षे पूर्ण पाच लाखांवर व्याज आकारतात. १२ टक्के फ्लॅटने व्याज ३ लाख आणि हप्ता १३,३३३ होतो. ‘बारा टक्के’ सांगून हप्ता ११,१२२ च्या बराच वर असेल, तर दर फ्लॅट आहे किंवा हप्त्यात आणखी काही मिळवले आहे, असे समजून विचारणा करावी.

कर्ज बंद करताना बँकेने दिलेला आकडा सूत्रापेक्षा थोडा जास्त असू शकतो. शेवटच्या हप्त्यानंतर जितके दिवस उलटले त्यांचे व्याज त्यात धरलेले असते. वरच्या बाकीवर ते दिवसाला सुमारे ११० रुपये, म्हणजे पंधरा दिवसांना १,६५० च्या आसपास होते. फरक याहून मोठा असेल तर दंडाची रक्कम, मुदतपूर्व फेडीचे शुल्क, शुल्कावरचा जीएसटी अशा रकमा वेगवेगळ्या लिहून मागाव्यात.

ताळा करायला कागदही हाताशी असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांनी मुख्य तथ्य पत्रक द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. त्यात हप्त्यांचा तक्ता असतो आणि हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. खानापूर, निपाणी, बेळगावच्या मराठी कर्जदाराला म्हणूनच ते मराठीत मागता येते. राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्था आणि सौहार्द संस्था मात्र या नियमाखाली येत नाहीत. तिथे पासबुकातली बाकी या सूत्राशी ताडून पाहणे हाच ताळा, आणि कर्ज खानापुरातले असो की चंदगडातले, सूत्र तेच राहते.